दूध सोडण्याआधी घड्याळाकडे बघा

“डॉक्टर, माझं वय ४१. वर्षभरापासून सकाळी कपभर दूध घेतलं की पाच-दहा मिनिटांत पोट डब्ब होतं, कमरेला कपडे घट्ट होतात, दिवसभर गॅस सरत राहतो. तीन महिन्यांपूर्वी दूध, दही, चीज सगळं बंद केलं. थोडा फरक पडला, पण आठवड्यातले तीन-चार दिवस पोट फुगतंच. गंमत म्हणजे आधीही दह्याने कधी त्रास झाला नव्हता. एक मैत्रीण म्हणते, तुला लॅक्टोज चालत नाही, दूध कायमचं सोड. दुसरी म्हणते, दोष गव्हाचा आहे, गहू सोड. नक्की काय आहे हे घरच्या घरी तपासता येईल का, की तपासण्या करून घेऊ?”

ताई,

गहू सोडायचा विचार आधी बाजूला ठेवा. गव्हाच्या बाबतीत आवर्जून तपासावी अशी एक शंका आहे, ती सिलिॲक आजाराची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर दुखावण्याची, आणि त्याची रक्ततपासणी गहू खाण्यात असेल तरच भरवशाची असते. गहू बंद केला की त्या तपासणीत मोजतात ती रक्तातली प्रतिपिंडं हळूहळू उतरत जातात, अहवाल ‘काही नाही’ असा येऊ शकतो आणि असलेला आजार झाकला जातो. तेव्हा गहू चालू राहू द्या. त्या तपासणीकडे शेवटी येते.

आता दूध. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात घोळत राहिल्या, कारण त्या दोन वेगळ्या दिशांना बोट दाखवतात. एक, पाच-दहा मिनिटांत पोट फुगणं. दुसरी, दही चालणं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. दोन छोट्या साखरा एकमेकींना जोडून ती बनलेली असते आणि ती जोडी तुटल्याशिवाय रक्तात जाऊ शकत नाही. तोडण्याचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरचं लॅक्टेज हे विकर करतं. अंगावरचं दूध सुटल्यानंतर हे विकर कमी होत जाणं ही माणसाच्या शरीराची जुनीच रीत आहे. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये ते कमी झालेलं असतं. म्हणून ‘लॅक्टेज कमी आहे’ एवढ्यावरून कुणाला आजारी ठरवता येत नाही. त्यातल्या पुष्कळांना कपभर दुधाने काहीही होत नाही.

ज्यांना होतं त्यांचं काय होतं ते बघा. न तुटलेली साखर लहान आतड्यातून तशीच पुढे सरकते, जाताना पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. पोटात गुरगुर होते, वारा सरतो, मात्रा जास्त असेल तर पातळ शौचाला होतं. हे सगळं घडायला आधी दूध मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला हवं, आणि तो प्रवास लांबचा आहे. त्रास साधारण अर्ध्या तासानंतर सुरू होतो, बऱ्याचदा तासा-दोन तासांनी, आणि काही तास टिकतो. पाच मिनिटांपूर्वी प्यायलेलं दूध अजून जठरातच असतं. तिथे लॅक्टोज आंबवणारे जिवाणू बसलेले नसतात.

मग पाच मिनिटांत कपडे घट्ट होतात, ते कशाने? याची दोन उत्तरं मला सगळ्यात जास्त वेळा सापडतात. एक म्हणजे जठरात काहीही गेलं की आतड्यांना पुढे सरकण्याची हाक जाते. लहान आतड्याच्या टोकाशी थांबलेलं आदल्या रात्रीचं जेवण मोठ्या आतड्यात ढकललं जातं आणि तिथे आधीच असलेला गॅस हलायला लागतो. नाव दुधाचं होतं, माल रात्रीचा असतो. शौचाला साफ होत नसेल तर हे फार जाणवतं.

दुसरं उत्तर ऐकून पेशंट चकित होतात. पोट पुढे येतं तेव्हा आत दर वेळी गॅस वाढलेला असतोच असं नाही. अशा लोकांचे सीटी स्कॅन पोट सपाट असताना आणि फुगलेलं असताना काढून बघितले गेले, तेव्हा बऱ्याच जणांत गॅस जेमतेम वाढलेला दिसला. बदलली होती ती पोटाच्या स्नायूंची ठेवण. श्वासपटल खाली ढकललं गेलं होतं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडली होती, म्हणून आतला ऐवज पुढे आला. ज्यांचं आतडं जास्त हळवं असतं, त्यांच्यात थोड्याशा ताणानेही शरीर असा प्रतिसाद देतं. हे मनाचे खेळ नाहीत. टेप लावली तर कंबर खरोखर काही सेंटीमीटर वाढलेली दिसते. पण यात साखरेचा संबंध असेलच असं नाही.

म्हणजे घड्याळ लॅक्टोजच्या विरुद्ध साक्ष देतं. दही मात्र त्याच्या बाजूने बोलतं. दही लागताना जिवाणू थोडं लॅक्टोज संपवतात, आणि उरलेलं तोडणारं विकर तेच जिवाणू आपल्याबरोबर आतड्यात घेऊन येतात. त्यात दही घट्ट असल्याने सावकाश पुढे सरकतं. म्हणून दूध बाधणाऱ्या बऱ्याच जणांना दही चालतं. तुमच्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र नांदत असणंही शक्य आहे: थोडा वाटा लॅक्टोजचा, बाकी दुसऱ्याचा. दूध सोडून थोडाच फरक पडला, हे त्याच्याशी जुळतं. पण ‘सोडल्यावर बरं वाटलं’ हा पुरावा कच्चा असतो. एखादी गोष्ट सोडल्यावर आपण बरं वाटण्याची वाट बघत असतो, आणि पोट ती वाट ओळखतं.

हे कितपत फसवतं याचा एक जुना आणि नेटका प्रयोग आहे. १९९५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो छापून आला. जरासं दूध घेतलं तरी फार त्रास होतो असं ठामपणे सांगणारे ३० जण निवडले. एक आठवडा त्यांना रोज २४० मिलिलिटर साधं दूध दिलं आणि एक आठवडा लॅक्टोज तोडलेलं दूध. दोन्हींची गोडी सारखी केली होती, त्यामुळे कोणतं कुठलं ते त्यांना कळलं नाही. दोन आठवड्यांच्या त्रासात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, आणि ३०पैकी ९ जण तर लॅक्टोज व्यवस्थित पचवत होते. अर्थात हे दूध नाश्त्याबरोबर आणि एका वेळी एकच कप दिलेलं होतं. अर्धा लिटर उपाशीपोटी दिलं असतं तर निकाल वेगळा आला असता.

या प्रयोगाची छोटी आवृत्ती तुम्ही घरी करू शकता, आणि माझ्या मते तुमच्यासाठी कुठल्याही महागड्या तपासणीआधी हीच योग्य आहे. फक्त एक अट. दूध घेतल्यावर अंगावर पित्त उठणं, ओठ-चेहरा सुजणं, घसा आवळणं, दम लागणं किंवा लगेच उलटी होणं असं कधी झालं असेल, तर हा प्रयोग अजिबात करू नका. ती दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते, ती थेंबभरानेही धोक्याची ठरते आणि तिची तपासणी डॉक्टरांकडेच व्हायला हवी.

तर पहिला आठवडा काहीच बदलू नका, आता जसं दुधाविना चाललं आहे तसंच चालू द्या. एक वही करा. रोज सकाळी उठल्यावर आणि पोट सगळ्यात जास्त फुगेल तेव्हा बेंबीच्या पातळीवर शिवणकामाची टेप लावून माप लिहा. शौचाला झालं की नाही आणि कसं झालं ते लिहा, आणि रात्री काय जेवलात ते. एवढंच. हा आठवडा कंटाळवाणा वाटेल, पण बऱ्याचदा अर्धं उत्तर यातच सापडतं.

मग दोन दुधं आणा, एक साधं आणि एक लॅक्टोज-फ्री. दोन्हींत स्निग्धांश सारखाच हवा, कारण जास्त स्निग्ध दुधाने जठर सावकाश रिकामं होतं आणि तेवढ्यानेही पोट जड वाटतं. लॅक्टोज-फ्री दूध म्हणजे लॅक्टेज घालून साखर आधीच तोडून ठेवलेलं खरं दूधच. प्रथिनं तीच, स्निग्धांश तोच. म्हणूनच ते आपल्या कामाचं. सोया किंवा बदामाचं दूध इथे चालणार नाही, त्यात सगळंच बदलतं. बकरीच्या दुधाचा सल्ला कुणी दिला तर तोही सोडून द्या, त्यात लॅक्टोज जवळजवळ तेवढंच असतं. लॅक्टोज-फ्री दूध मिळालं नाही तर लॅक्टेजचे थेंब मिळतात. ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे साध्या दुधात घालून दूध दिवसभर फ्रीजमध्ये ठेवलं की जवळपास तेच तयार होतं.

तोडलेल्या साखरा जास्त गोड लागतात, म्हणून लॅक्टोज-फ्री दूध चवीवरून ओळखू येतं. साध्या दुधात थोडी साखर घालून घरातल्या कुणाला तरी गोडी जुळवायला सांगा; नेहमीची साखर वेगळ्या विकराने पचते, ती इथे घोटाळा करत नाही. त्याच व्यक्तीने सहा दिवसांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरवायचा, तीन दिवस साधं आणि तीन दिवस लॅक्टोज-फ्री, आणि तो लिहून पाकिटात बंद करून ठेवायचा. तुम्ही सहाही दिवस होईपर्यंत पाकीट उघडायचं नाही. हे पोरखेळासारखं वाटेल, पण या पाकिटाशिवाय प्रयोगाला काही अर्थ उरत नाही.

सकाळी उपाशीपोटी २५० मिलिलिटर दूध घ्या. त्यात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. मग तीन तास पाण्याशिवाय काही नाही. पंधरा मिनिटांनी, एक तासाने, दोन तासांनी आणि तीन तासांनी फुगण्याला ० ते १० गुण द्या, आणि गुरगुर, वारा, पातळ शौच यांची नोंद करा. दोन चाचण्यांमध्ये एक दिवस मोकळा सोडा, म्हणजे आदल्या वेळचं काही उरणार नाही. असे बारा दिवस जातील.

निकाल कसा वाचायचा? माझ्याकडच्या एका बाईंचे साध्या दुधाचे सगळ्यात वाईट गुण ७, ६ आणि ७ होते, लॅक्टोज-फ्रीचे १, ० आणि २. त्रास दर वेळी पहिल्या तासाच्या आसपास सुरू होऊन दुसऱ्या तासाला चढायचा, एकदा पातळ शौचाला झालं. पाकीट उघडण्याआधीच त्यांनी सहाही दिवस बरोबर ओळखले. नुसत्या अंदाजाने असं सगळं जुळण्याची शक्यता वीसात एक असते. तिथे मला पुढची तपासणी लागली नाही.

दुसरी वही मात्र मला जास्त शिकवून गेली. पंचेचाळिशीतले गृहस्थ, वर्षभर दूध बंद, तरी पोट नगाऱ्यासारखं. त्यांचे साध्या दुधाचे गुण ६, ७ आणि २ आले, लॅक्टोज-फ्रीचे ६, १ आणि ५. नुसता गोंधळ. पण पंधरा मिनिटांच्या रकान्यात बघितलं तर वाईट चारही दिवशी तिथेच ४-५ गुण पडलेले, म्हणजे दूध मोठ्या आतड्यात पोचायच्या कितीतरी आधी. मग शौचाचा रकाना बघितला. त्या चारही दिवसांच्या आदल्या दिवशी त्यांना शौचाला झालंच नव्हतं, आणि चारपैकी तीन रात्री जेवणात भरपूर कडधान्य आणि कांदा होता. रोज जायला होतं असं ते मला सांगत आले होते आणि खोटं बोलत नव्हते. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. बद्धकोष्ठावर औषध सुरू केलं, रात्रीचं कडधान्य दुपारी आणि कमी प्रमाणात घ्यायला सांगितलं. महिन्याने ते परत आले तेव्हा सकाळची दुधाची कॉफी पुन्हा सुरू झाली होती. वर्षभराचं दूध उगाच गेलं याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि खरं सांगते, मलाही.

तुमची वही या दोन्हींच्या मधली निघू शकते. साधं दूध प्यायलेल्या दिवशी दोन-तीन गुण जास्त, पण लॅक्टोज-फ्रीच्या दिवशीही पोट शांत नाही, असं दिसलं तर लॅक्टोज हा एक वाटेकरी आहे, मुख्य नाही. सहाही दिवस सारखेच फुगलात तर लॅक्टोजला सोडून द्या. कारण दुधाबाहेर किंवा दुधातल्या दुसऱ्या घटकात आहे. आणि सहाही दिवस काहीच झालं नाही, तर कपभर दूध तुम्हाला सुखेनैव चालतं. त्यावरून अर्धा लिटर एकदम चालेल असं मात्र म्हणता येत नाही.

लॅक्टोज दोषी ठरलं तरी दूध कायमचं सोडायची गरज सहसा पडत नाही. जेवणाबरोबर अर्धा कप, दिवसात दोनदा, हे उपाशीपोटी घेतलेल्या पूर्ण कपापेक्षा फार सोपं जातं. दही पुन्हा सुरू करा. बरेच महिने मुरलेल्या घट्ट चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही, लोणी आणि तुपातही नगण्य असतं. पाकीटबंद पदार्थांवर ‘दूध पावडर’ किंवा ‘व्हे’ लिहिलेलं असेल तर त्यात लॅक्टोज असतं. ‘लॅक्टिक ॲसिड’ नुसतं नावाने जवळचं, त्याला घाबरू नका.

दवाखान्यातली तपासणी म्हणजे श्वासाची हायड्रोजन चाचणी. लॅक्टोजचं पाणी प्यायला देतात, बहुतेक ठिकाणी २५ किंवा ५० ग्रॅम, आणि तीन तास ठरावीक वेळाने एका पिशवीत किंवा नळीत फुंकायला लावतात. हायड्रोजन सुरुवातीच्या पातळीपेक्षा दहा लाखात २० भागांनी किंवा जास्त वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. घरचा प्रयोग धूसर निघाला तर ही जरूर करा, पण तिच्या मर्यादा लक्षात ठेवा. २५ ग्रॅम म्हणजे अर्ध्या लिटर दुधातलं लॅक्टोज. तुम्ही एवढं एका वेळी पीत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली, पण त्या तीन तासांत पोट फुगलंच नाही, तर तुमच्या त्रासाचं कारण तिने सांगितलेलं नाही. हायड्रोजन पहिल्याच अर्ध्या-पाऊण तासात उसळला तर लहान आतड्यात जिवाणू वाढलेत का, हा प्रश्न उभा राहतो. आधीचे चार आठवडे अँटिबायोटिक घेतलेलं नसावं, नाहीतर आकडे फसवतात. आणि जिथे मिथेनही मोजतात तिथेच करा, कारण काहींचे जिवाणू हायड्रोजन वापरून मिथेन बनवतात आणि नुसता हायड्रोजन मोजला तर अहवाल खोटाच चांगला येतो.

आता गव्हाचा आणि बाकीच्यांचा हिशोब. आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतं आणि ते दुखणं शौचाशी जोडलेलं आहे, शौचाची वेळ किंवा स्वरूप बदललं आहे, असं काही महिने चाललं असेल तर आयबीएसचा, म्हणजे हळव्या आतड्याच्या दुखण्याचा, विचार करावा लागतो. त्यात लॅक्टोजसह गहू, कांदा, लसूण, कडधान्यं यांतल्या आंबणाऱ्या साखरा थोड्या-थोड्या जमून त्रास देतात, म्हणून एकच पदार्थ सोडून भागत नाही. सिलिॲकसाठी टीटीजी-आयजीए आणि त्याबरोबर एकूण आयजीए ही रक्ततपासणी गहू चालू असतानाच करून घ्या. लहान आतड्याचं अस्तर सिलिॲकने किंवा जुलाबाच्या मोठ्या आजाराने दुखावलं की लॅक्टेजही तात्पुरतं घटतं; अस्तर सावरलं की दूध पुन्हा चालू लागतं. वर्षभरापूर्वी असं काही आजारपण झालं होतं का, आठवून बघा. आणि त्याच सुमाराला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू झालं असेल तर पोट फुगण्याचा दोष त्या गोळीकडेही जाऊ शकतो. गोळी आपणहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

काही गोष्टी असतील तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा: वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्त कमी असणं, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग वा आतड्यांच्या सुजेचा आजार. पोट कधीच पूर्ण खाली उतरत नाही, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं होतं, वारंवार लघवीला जावं लागतं, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर बीजाशयाचीही तपासणी व्हायला हवी. तुमचं पोट कमी-जास्त होतं आणि काही दिवस अगदी ठीक असतं, ही त्यातली दिलासा देणारी खूण आहे, पण डॉक्टरांना हे विचारून घ्या.

एक राहिलंच. चाचणीचे दिवस पाळीच्या आधीच्या आणि पाळीच्या आठवड्यात धरू नका. पोट तेव्हा दुधाविनाही फुगतं आणि वहीतले आकडे वाया जातात. पाळी संपल्यावर दोन दिवसांनी पहिला कप घ्या.